विषय: तातडीचं टोकन घातलं की मागची सगळी रांग नाहीशी होते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाने बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. म्हापशातल्या आमच्या दवाखान्यात तुमचं टोकन यंत्र आहे. दवाखाना माझ्या पत्नीचा, आणि मी पॉलिटेक्निकमध्ये सी शिकवतो. सोर्स कोड तुम्ही करारानुसार दिलेला असल्यामुळे दोष कुठे आहे हे मी ओळीसकट सांगू शकतो, आणि तसं सांगितलंही होतं.

साधी टोकनं रांगेच्या शेवटी लागतात, ते फंक्शन ठीक आहे. तातडीचा रुग्ण आला की त्याचं टोकन मध्ये घालावं लागतं आणि घोळ तिथे होतो. पहिल्या आवृत्तीत हे होतं:

```c
p->next = n;
n->next = p->next;
```

११ नंबर आत आहे, बाहेर १२, १३, १४ बसलेत आणि E1 हे तातडीचं टोकन ११ नंतर घालायचंय. p म्हणजे ११, n म्हणजे E1, next म्हणजे त्यानंतरच्या टोकनाचा पत्ता. पहिल्याच ओळीने ११ चा पॉइंटर E1 कडे वळतो. १२ चा पत्ता फक्त ११ कडे होता, तो पुसला गेला. दुसरी ओळ p->next वाचते तेव्हा तिथे E1 च असतं, त्यामुळे E1 स्वतःकडेच बोट दाखवतं. ‘पुढचा’ बटण कितीही दाबा, पडद्यावर E1 च.

हे मी कळवलं. त्यावर तुमची सुधारित आवृत्ती आली:

```c
n->next = NULL;
p->next = n;
```

NULL म्हणजे यानंतर कोणीच नाही. E1 वर अडकणं थांबलं, रांग मात्र तुटलेलीच राहिली. E1 नंतर यंत्र ‘रांग संपली’ म्हणतं आणि त्याच पडद्यावर ‘प्रतीक्षेत ३’ दिसतं, कारण मोजणी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये आहे. त्यात भर म्हणजे रांगेचा शेवट दाखवणारा tail अजून १४ कडेच बघतो. नवीन आलेला १५ त्या सुटलेल्या तुकड्याला जोडला जातो आणि तोही दिसेनासा होतो. पहिला दोष निदान डोळ्यांना दिसत होता, हा गुपचूप माणसं गाळतो.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्यामुळे दवाखान्यात गर्दी. अस्नोड्याहून सकाळच्या बसने आलेली एक आजी १२ नंबरची चिठ्ठी मुठीत धरून बसली होती. यंत्राने रांग संपल्याचं सांगितलं आणि ती कंपाउंडरला विचारू लागली, “बाबा, माझा नंबर गेला काय रे?” तिला काय सांगायचं होतं?

आता आजच्या फोनबद्दल. मी पहिल्या आवृत्तीतल्या दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तुमचे ‘सिनियर इंजिनियर’ म्हणाले, “सर, दोन्ही पॉइंटर सेट होतायत ना? मग आधी कुठला, नंतर कुठला, याने काय फरक पडतो?” मी १२ चा पत्ता कुठे उरतो ते विचारलं. ते म्हणाले, “कंपायलर एकही वॉर्निंग देत नाही. काउंटही बरोबर येतोय, म्हणजे डेटा सेफ आहे.” अहो, दोन्ही ओळी व्याकरणाने शुद्ध आहेत, कंपायलर वॉर्निंग कशाला देईल? आणि काउंट रांग चालून मोजलेला नाही, नुसता वाढवलेला आकडा आहे. हे सांगत असताना “सर, रिस्टार्ट करून बघा” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. रिस्टार्ट केलं की मेमरीतली उरलीसुरली रांगही जाते. रुग्ण गाळणाऱ्या यंत्रावर सगळेच रुग्ण पुसणं हा तुमचा उपाय!

दुरुस्ती अशी आहे:

```c
n->next = p->next;
p->next = n;
if (p == tail) tail = n;
```

आधी नव्या नोडने मागच्यांचा हात धरायचा, मगच पुढच्याने जुना हात सोडायचा. तिसरी ओळ E1 शेवटी आलं तर लागते. तुमची चाचणी बहुधा एकाच रुग्णामागे E1 घालून झाली असावी. तिथे NULL बरोबरच ठरतो, म्हणून यंत्र पास झालं. तीन टोकनं घ्या, पहिल्यानंतर चौथं घाला, head पासून NULL पर्यंत चालत मोजा आणि तो आकडा काउंटशी ताडून बघा. एवढंही न करता दवाखान्यांना यंत्रं विकता?

मी कोड बदलला तर वॉरंटी जाते, असं तुमच्याच करारात लिहिलंय. त्यामुळे दुरुस्त आवृत्ती तुमच्याकडूनच यायला हवी, आणि हे यंत्र घेतलेल्या प्रत्येक दवाखान्याला ती मिळायला हवी. पंधरा दिवसांत ती आली नाही, तर दोन्ही आवृत्त्यांचा कोड आणि पडद्याचे फोटो घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन आणि पूर्ण रक्कम परत मागेन. मला पुन्हा फोन करायचा असेल, तर ज्याला या दोन ओळींचा क्रम कळतो अशा माणसाने करावा.

एक ग्राहक,
म्हापसा, गोवा