पर्यटक सिमच्या रिचार्जबाबत तक्रार

लातूर
२६ जून

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फ्रान्सच्या प्रीपेड सिमचे माहितीपत्रक आणि तिकडच्या कंपनीचे रिचार्जचे पान यांचा मेळ नसणे

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या सिमसोबतच्या मराठी माहितीपत्रकात लिहिले आहे : "रिचार्ज करताना २० चा प्लॅन निवडा. २० जीबी + युरोपात ८ जीबी, मुदत १५ दिवस." कंपनीचे रिचार्जचे पान फक्त फ्रेंचमध्ये आहे आणि त्यावर २० दोन ठिकाणी आहे. एक "Crédit 20 €", दुसरे "Pass 20 Go". पहिला घेतला की फक्त शिल्लक जमा होते, नेट सुरू होत नाही. "Crédit : 20,00 €" असा मेसेज आला तेव्हा हे कळले. मग त्याच शिल्लकीतून पास घ्यावा लागला. फ्रेंचमध्ये बाइटला ऑक्टेट म्हणतात, म्हणून Go म्हणजे जीबी आणि Mo म्हणजे एमबी. एवढी एक ओळ पत्रकात हवी होती. ब्राउझरने तर "20 Go" चे "२० जा" करून दाखवले.

पासवर पुढे "dont 8 Go en Europe" असे होते. dont म्हणजे "त्यापैकी". युरोपातल्या इतर देशांत वापरायचे ८ जीबी त्या २० मधलेच आहेत, वेगळे नाहीत. आपण अधिकचे चिन्ह टाकून २८ केले. मोंढ्यात असा हिशोब केला तर आडत्या दुसऱ्या दिवशी दारात उभा करणार नाही.

उरलेल्या डेटाचा मेसेज "850,00 Mo" असा येतो. तिथे स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह आहे, म्हणजे ८५० एमबी. पंच्याऐंशी हजार नव्हे.

सर्वांत जास्त फटका मुदतीने बसला. पासवर १५ नव्हे, "valable 14 jours" होते. माझे आई-वडील तिकडे होते, पण कार्डाचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येत असल्याने रिचार्ज इथून केले : १० जूनच्या रात्री १ वाजून ४० मिनिटांनी. पॅरिसमध्ये तेव्हा ९ जूनचे रात्रीचे १०.१० झाले होते, कारण उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. कंपनी तारखेने दिवस मोजते, त्यामुळे दोन तास राहिलेला ९ जून हाच पहिला दिवस धरला गेला आणि पास २२ जूनच्या मध्यरात्री संपला. परतीचे विमान २३ जूनला दुपारी होते. विमानतळावर जाताना आई-वडिलांकडे ना नकाशा ना व्हॉट्सअॅप. आपल्याकडे सकाळ उजाडल्यावर रिचार्ज केले असते तर पूर्ण एक दिवस वाचला असता. तसे पत्रकात कुठेही लिहिलेले नाही.

माझी मागणी अशी : २३ जूनसाठी घ्यावा लागलेल्या दुसऱ्या पासचे पैसे परत करावेत (पावती व दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत). पत्रकात प्लॅनचे नाव पानावर दिसते तसेच, फ्रेंच अक्षरांत छापावे आणि मुदत पॅरिसच्या वेळेनुसार संपते हे लिहावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
एक ग्राहक