जुलाब थांबले, ताप मात्र चढत गेला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोंड्यात मी तीस वर्षे औषधांचे दुकान चालवले आणि आता निवृत्त आहे. पाऊस सुरू झाला की दुकानात 'जुलाब बंद करायची गोळी' मागणारे गिऱ्हाईक रोज येत असे, आणि मीही बहुतेक वेळा काही न विचारता लोपेरामाइडची पट्टी पुढे सरकवत असे. ही कबुली आधी देतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात दोष फक्त इतरांचा आहे असे मला भासवायचे नाही.

गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाच्या बाबतीत जे घडले, त्यावरून हे पत्र लिहावेसे वाटले. हा तिशीतला तरुण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. शुक्रवारी संध्याकाळी तो बाहेर जेवला, शनिवारी दुपारपासून त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि रात्री १०२ अंश ताप चढला. त्याने स्वतःच जवळच्या औषधालयातून लोपेरामाइड आणले. त्याने रात्री दोन गोळ्या घेतल्या आणि पुढे प्रत्येक जुलाबानंतर एक, अशा रविवारच्या संध्याकाळपर्यंत सात गोळ्या झाल्या. एक गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे चोवीस तासांच्या आत १४ मिलिग्रॅम. शेवटच्या दोन-तीन वेळा शौचात आव आणि रक्ताचे धागे दिसले होते, पण संकोचामुळे त्याने ते कोणाला सांगितले नाही.

सोमवारी सकाळी जुलाब पूर्ण थांबले होते, त्यामुळे घरातल्यांना हायसे वाटले. मी सहज चौकशीला गेलो तर ताप १०३ वर होता, नाडी मिनिटाला १२० पडत होती, आणि पोट ढोलासारखे ताणलेले होते. वायूसुद्धा सरत नव्हता. त्याला लगेच इस्पितळात नेले. एक्स-रेमध्ये मोठे आतडे वायूने फुगलेले दिसले. डॉक्टरांनी लोपेरामाइड बंद केले, सलाइन लावले, शिरेतून प्रतिजैविक सुरू केले आणि शस्त्रक्रियेची वेळ येते की काय यासाठी दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले. सुदैवाने ती वेळ आली नाही. शौचाच्या कल्चर तपासणीत शिगेला हा जंतू आढळला. आठव्या दिवशी तो घरी आला.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. लोपेरामाइड हे अफूच्या कुळातले औषध आहे, परंतु नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही; त्याचे काम आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर चालते. आतड्यातल्या लाटा मंदावतात, आतला मल जास्त वेळ तिथे राहतो, त्यातले पाणी शोषले जायला अवधी मिळतो आणि गुदद्वाराचा स्नायूही आवळला जातो. जंतू मात्र या गोळीने मरत नाही. शिगेलासारखा जंतू तर आतड्याच्या अस्तरातच शिरतो. अशा वेळी जुलाब ही शरीराची जंतू बाहेर टाकण्याची वाट असते, आणि तीच आपण बंद करतो. १९७३ साली अमेरिकेत शिगेलाची लागण झालेल्या स्वयंसेवकांना डायफेनॉक्सिलेट-अॅट्रोपिन हे याच जातीचे औषध देऊन पाहिले होते, तेव्हा त्यांचा ताप लांबलेला आढळला. सुजलेले आतडे गतिहीन होऊन फुगत गेले, तर त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. त्यात आतडे फाटण्याचा धोका असतो. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांतही हाच धोका संभवतो, म्हणून इस्पितळातून नुकत्याच परतलेल्या माणसाने ही गोळी स्वतःहून घेऊ नये.

याउलट, ताप नाही, रक्त नाही, पोट दुखते ते फक्त मुरड्यापुरते, आणि माणूस प्रौढ आहे, अशा साध्या पातळ जुलाबांत हे औषध खरोखर उपयोगी पडते. रात्रीच्या बसने पुण्याला जायचे आहे आणि वाटेत शौचालयाची शाश्वती नाही, अशा प्रवाशाला सुरुवातीला दोन गोळ्या आणि नंतर प्रत्येक जुलाबानंतर एक, दिवसाला एकूण चार गोळ्यांपर्यंत, घेता येतात. यापेक्षा जास्त मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी, कारण फार मोठ्या मात्रेत हे औषध हृदयाचा ठोका बिघडवते. दोन दिवसांत फरक पडला नाही, किंवा मध्येच ताप किंवा रक्त दिसले, तर गोळी बंद करून डॉक्टरकडे जावे. प्रवासातल्या जुलाबांत डॉक्टर कधी प्रतिजैविकासोबतही लोपेरामाइड देतात, पण तो निर्णय तपासून घेतलेला असतो.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकांना पटवणे मला नेहमी अवघड गेले. जुलाब दिसायचे थांबले म्हणजे पाणी जायचे थांबले, असे नाही. कॉलराच्या प्रकारच्या जुलाबांत आतडे मंदावले तरी पाणी आतड्यात सुटतच राहते आणि तिथेच साठते. ते रक्तात परत येत नसल्याने शरीराच्या दृष्टीने ते गेलेलेच असते. फरक एवढाच की ते कोणाला दिसत नाही. म्हणून पुडीवर छापलेल्या मापाने पाण्यात विरघळवलेले ओआरएस गोळीसोबतही चालू ठेवावे लागते आणि लघवी किती होते, जीभ कोरडी पडते का, हे पाहावे लागते. पातळ पेज चालते, पण ती ओआरएसची जागा घेत नाही.

लहान मुलांविषयी मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या तान्ह्या बाळांची आतडी निष्क्रिय होऊन काही मुले दगावली, आणि कंपनीला ते थेंब मागे घ्यावे लागले. डायफेनॉक्सिलेट-अॅट्रोपिनच्या थोड्या गोळ्या चुकून पोटात गेल्या तरी लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो, आणि तोही काही तासांनंतर, म्हणून सुरुवातीला मूल बरे दिसते यावर विसंबून राहता येत नाही. मुलाच्या जुलाबांत ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेले जस्त, हाच मुख्य उपचार आहे. काही डॉक्टर रेसेकॅडोट्रिल लिहून देतात. ते आतड्याची हालचाल रोखत नाही, पाण्याचा स्राव कमी करते, त्यामुळे ते वेगळ्या प्रकारचे औषध आहे.

औषधालयांत ही पट्टी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत, एवढीच माझी मागणी आहे: गोळी कोणासाठी हवी, ताप आहे का, शौचात रक्त किंवा आव आहे का. हे प्रश्न कोकणीत किंवा मराठीत, थोडे हळू आवाजात विचारावेत, कारण मोठ्याने विचारले तर रक्ताचे उत्तर खरे मिळत नाही. त्या तरुणाने मला नंतर सांगितले, की दुकानात कोणी विचारले असते तरी त्या दिवशी रांगेत चार ओळखीचे उभे होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधविक्रेता, फोंडा