पैसे कट झाले पण ॲपमध्ये काहीच आलं नाही? आधी अकाउंट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे आणि हल्ली डिस्प्ले फुटल्याच्या तक्रारींच्या खालोखाल जी तक्रार काउंटरवर येते ती म्हणजे "ॲपने पैसे घेतले आणि दिलं काहीच नाही". माणूस चिडलेलाच असतो, हातात बँकेचा मेसेज असतो, आणि बहुतेक वेळा त्याने ॲपला एक स्टार देऊन "फ्रॉड ॲप" असं लिहूनही टाकलेलं असतं. काही वेळा ॲपवाला खरंच गंडवणारा असतो, नाही असं नाही. पण माझ्यासमोर येणाऱ्या बऱ्याचशा केसमध्ये पैसे बुडालेले नसतात, ते दुसऱ्याच अकाउंटच्या नावावर जमा असतात. यावर पेपरात नीट कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हे पत्र, जरा लांब झालंय, सांभाळून घ्या.

एक केस पूर्ण सांगतो म्हणजे लक्षात येईल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आली, तिच्या टेस्ट सिरीजच्या ॲपमध्ये 799 रुपये एकदाच भरले की सगळे पेपर कायमचे उघडतात. पैसे भरले तेव्हा फोन वडिलांचा जुना होता, त्यात वडिलांचं जीमेल. पुढे तो फोन गेला, नवीन घेतला, आणि नवीन फोन चालू करून देताना ज्या दुकानात घेतला तिथल्या पोराने नवीनच जीमेल काढून दिलं. आमच्या धंद्यातली ही वाईट खोड आहे, गिऱ्हाईकाला पासवर्ड आठवत नाही, मागे लाईन लागलेली असते, मग काढा नवीन अकाउंट आणि मोकळे व्हा. कॉन्टॅक्ट हवेत म्हणून वडिलांचं जीमेल नंतर ॲड केलं. झालं, एका फोनमध्ये दोन अकाउंट. मुलीने ॲप नव्याने टाकलं, आपल्या मोबाईल नंबरवर ओटीपी घेऊन आत गेली, तिचे जुने मार्क वगैरे सगळं दिसतंय पण पेपरवर कुलूप. Restore Purchases दाबलं तर "कोणतीही खरेदी सापडली नाही".

आता तिचं म्हणणं बरोबरच होतं की नंबर तोच, मार्क दिसतायत, मग खरेदी का दिसत नाही? तर इथे दोन वेगळी लॉगिन असतात हे कुणी सांगतच नाही. ओटीपीचं लॉगिन ॲपवाल्याचं, त्यात तुमचा अभ्यास असतो. खरेदीची पावती मात्र प्ले स्टोअरकडे, ती ज्या जीमेलवरून घेतली त्या जीमेलच्या नावावर. रिस्टोअरचं बटण दाबलं की ॲप फोनमधल्या प्ले स्टोअरला एवढंच विचारतं की या अकाउंटवर माझ्याकडचं काय काय घेतलेलं आहे, आणि प्ले स्टोअर त्या एकाच अकाउंटचं उत्तर देतं. शेजारच्या अकाउंटमध्ये ते डोकावत नाही. फोनमध्ये दोन अकाउंट असतील तर साधारणपणे ज्या अकाउंटवरून ॲप इन्स्टॉल झालं तेच धरलं जातं. म्हणून नुसतं प्ले स्टोअरमध्ये जाऊन अकाउंट बदललं आणि परत रिस्टोअर दाबलं तरी पुष्कळदा काही होत नाही, आणि तिथे माणूस हात टेकतो.

आम्ही काय केलं, प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या गोल फोटोवर टच केलं, वडिलांचं अकाउंट निवडलं, Payments & subscriptions मध्ये Budget & history बघितलं. 799 ची नोंद तिथे आरामात बसलेली. नव्या अकाउंटमध्ये हीच यादी रिकामी. म्हणजे प्रश्न सुटला होता, काम फक्त बाकी होतं: ॲप काढून टाकलं, प्ले स्टोअर वडिलांच्या अकाउंटवर ठेवूनच ते परत इन्स्टॉल केलं, ओटीपीने आत गेलो, रिस्टोअर दाबलं आणि पेपर उघडले. रुपयाही लागला नाही.

याच्या आधी तिने ॲपवाल्याला मेलही केला होता, आणि त्यांनी ऑर्डर नंबर मागितल्यावर यूपीआयचा 12 आकडी नंबर पाठवला. त्याने त्यांना काही कळत नाही, तो नंबर बँकेच्या कामाचा. प्ले स्टोअरची ऑर्डर GPA ने सुरू होते, ती पावतीच्या मेलमध्ये असते आणि तो मेल ज्या जीमेलवर आलाय तेच खरेदीचं अकाउंट, शोधायची ही सगळ्यात सोपी खूण. सगळी जीमेल उघडून GPA सर्च करा. आयफोनवाल्यांनी ॲपलच्या पावतीचा मेल शोधायचा, त्यातल्या ऑर्डर नंबरची सुरुवात M ने होते.

अजून एक खूण सांगतो, ही अँड्रॉइडवर फार उपयोगी पडते. कायमची खरेदी असेल, म्हणजे जाहिराती बंद किंवा सगळे धडे उघडे अशातली, तर विकत घ्यायचं बटण दाबून बघा, फक्त पेमेंट कन्फर्म करू नका. हे आधीच तुमच्याकडे आहे असा मेसेज आला तर अकाउंट बरोबर आहे आणि घोळ ॲपचा आहे. किंमत दाखवून पैसे मागायला लागलं तर या अकाउंटवर ती खरेदी नाहीच, तिथेच बॅक मारा. आणि त्या पेमेंटच्या पट्टीवर ईमेल आयडी बारीक अक्षरात लिहिलेला असतो तो वाचा, सगळी गंमत त्या एका ओळीत असते आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. लोक काय करतात, आलं नाही म्हणून परत पैसे भरतात, आणि मग दोन अकाउंटवर दोन खऱ्या खरेद्या होतात.

गेममधली कॉइन, डायमंड असला माल मात्र यात धरू नका. तो वापरून संपणारा माल आहे, एकदा तुमच्या खात्यात टाकला की स्टोअरच्या लेखी व्यवहार संपला, रिस्टोअर दाबून तो परत येत नाही, अँड्रॉइडवर नाही आणि आयफोनवरही नाही. तो शिल्लक राहतो गेमवाल्याच्या सर्व्हरवर. पोरं गेस्ट म्हणून खेळतात, गेम डिलीट करतात, आणि मग आईबाप माझ्याकडे येतात, तिथे मी काहीच करू शकत नाही. अशा वेळी प्लेयर आयडी आणि GPA नंबर दोन्ही देऊन गेमवाल्यालाच लिहावं लागतं.

आता खरोखर पैसे मध्येच अडकतात त्याबद्दल. यूपीआयने पैसे गेले पण तुमच्या एकाही अकाउंटच्या प्ले स्टोअर यादीत ऑर्डरच नाही किंवा पेंडिंग दिसतेय, तर अडकलंय बँकेच्या बाजूला. पेंडिंग असेल तर थोडं थांबा, ॲप बंद करून परत उघडा, बऱ्याचदा उघडताना ॲप स्वतःच विचारणा करतं आणि माल येतो. ऑर्डर झालीच नसेल तर रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पोचल्याची खात्री मिळाली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ती आपोआप परत यायला पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. इथे तो 12 आकडी नंबर घेऊन बँकेत जायचं, ॲपवाल्याला शिव्या घालून उपयोग नाही.

आणि ऑर्डर पूर्ण दिसतेय, अकाउंट बरोबर आहे, तरी ॲपमध्ये काही नाही, तर चूक ॲपवाल्याची. गूगलचा नियम असा की खरेदी पूर्ण झाल्यावर ॲपने 3 दिवसांच्या आत ती मिळाल्याची पोच द्यायची, नाही दिली तर पैसे आपोआप परत जातात आणि खरेदी रद्द होते. त्यामुळे तीनेक दिवसांनी कुणी न मागता रिफंड आला तर समजायचं की ॲपचा कोड कुठेतरी झोपला होता. पण गंमत अशी की पोच दिली आणि माल दिलाच नाही, असंही ॲप करू शकतं, तिथे हा नियम तुम्हाला वाचवत नाही. म्हणून वाट बघत बसू नका, पहिल्या 48 तासांत गूगलकडे थेट रिफंड मागता येतो, त्यानंतर गूगल सहसा ॲपवाल्याकडे बोट दाखवतं. आयफोनवर reportaproblem.apple.com वर मागायचा. आणि कृपा करून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका, तिथे रिफंडच्या नावाखाली स्क्रीन शेअर करायला लावणारे बसलेत. तसं झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाईनला फोन करा.

आयफोनची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे आयक्लाउड एका अकाउंटचं आणि Media & Purchases दुसऱ्याचं असू शकतं, वरवर बघून कळत नाही. खरेदी त्या दुसऱ्याच्या नावावर जाते. ॲपलने फेब्रुवारी 2025 मध्ये एका अकाउंटच्या खरेद्या दुसऱ्यावर हलवायची सोय आणली पण ती आणताना भारत वगळला. प्ले स्टोअरवर तर खरेदी दुसऱ्या अकाउंटला हलवताच येत नाही. घरात फॅमिली ग्रुप केला असेल तरी गूगलवर ॲपच्या आतली खरेदी वाटली जात नाही, आयफोनवर वाटली जाते ती ॲपवाल्याने परवानगी दिली असेल तरच. अँड्रॉइडवर घेतलेलं आयफोनवर रिस्टोअर होत नाही हे वेगळं सांगायला नको, तिथे फक्त ॲपचं स्वतःचं लॉगिन कामाला येतं आणि तेही ॲपवाल्याने खरेदी त्या लॉगिनला जोडून ठेवली असेल तर.

माझी तक्रार ॲप बनवणाऱ्यांकडे आहे. स्टोअर त्यांना गिऱ्हाईकाचा जीमेल कळवत नाही हे मान्य, पण "खरेदी सापडली नाही" एवढंच छापण्याऐवजी "तुम्ही दुसऱ्या प्ले स्टोअर अकाउंटवरून घेतलं होतं का ते बघा" एवढी एक ओळ मराठीत लिहायला काय जातं? मराठी मुलांना 799 ला माल विकता ना, मग एररपण मराठीत द्या. आणि माझ्या दुकानदार भाऊबंदांना सांगणं, गिऱ्हाईकाचं जुनं अकाउंट रिकव्हर करायला दहा मिनिटं जास्त लागली तर लागू द्या, आणि नवीन काढायचीच वेळ आली तर ईमेल आणि पासवर्ड बिलाच्या मागे न लिहिता त्याच्याच हाताने त्याच्या वहीत लिहायला लावा.

आपला,
एक मोबाईल दुकानदार, कराड