धाकट्याच्या जळफळाटाबद्दल

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, धाकटा लिंक्डइन बघून जेवतानाही चिडचिड करतो, मोबाइल काढून घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. नका घेऊ. त्या जळफळाटात त्याला काय हवंय ते दडलेलं आहे, ते आधी वेगळं काढू.

तो कुपवाडला क्वालिटीत आणि मित्र चाकणला डिझाइनला, हे त्याला खुपतं. पण त्यातलं नेमकं काय? पगार, शहर, कंपनीचं नाव, लोकांचं कौतुक आणि रोजचं काम, असं कागदावर एकाखाली एक लिहायला सांगा. प्रत्येकापुढं एकच प्रश्न: हे मिळालं आणि कुणालाच कळलं नाही, तरी चालेल का? कौतुक आणि नाव इथंच गळतात. पगाराचा आकडा मात्र जपून वाचावा. पॅकेजमध्ये कंपनीने भरायचा पीएफ आणि बहुतेक वेळा ग्रॅच्युइटीही धरलेली असते; हातात पडतो तो त्याहून कमी, आणि त्यातून तिकडचं घरभाडं जातं.

समजा, काम उरलं. मग मित्राचं प्रोफाइल खालून वर वाचायचं, कारण सगळ्यात जुनी नोकरी खाली असते. त्याच्या आजच्या पदाशी नाही, तर धाकट्याएवढा अनुभव असताना तो कुठं होता त्याच्याशी तुलना करायची. तरी एकट्याच्या वाटेत ओळखपाळख, नशीब काहीही असू शकतं. म्हणून क्वालिटीतून डिझाइनला गेलेल्या चार-पाच जणांची प्रोफाइलं बघायची. सगळ्यांत जी पायरी पुन्हा पुन्हा दिसेल, मग ती टूलरूम असो की ड्रॉइंग ऑफिस, तीच खरी. मुलाखतीत मिळालेले नकार तिथं कुणी लिहीत नाही, हेही त्याला सांगा.

डिझाइनच्या क्लासची फी भरायच्या आधी एक चाचणी घ्यायची. रोज तपासतो त्यातलाच एक भाग, समजा बेअरिंग हाउसिंग, त्याने महिनाभर रविवारी कॅडवर उभा करावा आणि टॉलरन्ससकट ड्रॉइंग काढावं. बोअर कुठं मोठा होतो, कोणत्या मापावर माल परत येतो, हे त्याला हाताने माहीत आहे; नव्या डिझाइनरला ते शिकायला वर्षं लागतात. माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि ती त्याला दिसत नाहीये.

ड्रॉइंगवर अडला तर मित्राला मेसेज करावा, पण "तुमच्याकडं जागा आहे का" असा नको. "या बोअरला फिट कोणता देतोस?" असं विचारलं की माणूस उत्तर देतो, आणि ज्याच्याशी कामाचं बोलणं होतं त्याचा हेवाही कमी होतो. उलट, रविवार टळत गेले, सॉफ्टवेअर उघडायलाच नको वाटलं, तर त्याला काम नाही, हुद्दा हवा होता. मग डिझाइन सोडून क्वालिटीतलीच वरची जागा बघू. त्यात कमीपणा काही नाही.

आई, महिनाभर त्याच्यासमोर त्या मित्राचं नाव काढू नकोस, कौतुकानेही नको. आणि बाबा, पहिलं ड्रॉइंग झालं की फोटो मला पाठवायला सांगा.

तुमची,
ताई