शेरूसाठी, आधी डॉक्टरांकडे

पुणे, रविवार

प्रिय माधवी,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बाहेर पडलात की शेरू दार ओरबाडतो, भुंकतो, सोफ्यावर लघवी करतो, आणि तू ट्रेनर शोधते आहेस. ट्रेनर लागेलच, पण आधी डॉक्टरांकडे जा.

आमची चिंगी नवव्या वर्षी अशीच घरात मुतायला लागली. एकटं राहायला घाबरते, असं आम्ही ठरवूनच टाकलं. मग जुना मोबाइल कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग केलं. आम्ही गेल्यावर पाचच मिनिटांत ती दाराशी बसून विव्हळायला लागायची, हे खरंच होतं. लघवीचं मात्र वेगळं निघालं. ती आम्ही घरात असतानाही थोडी थोडी, पुन्हा पुन्हा करत होती. आमचंच लक्ष नव्हतं. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग सापडला आणि औषधांचा कोर्स संपल्यावर लघवी थांबली. डॉक्टरांनी साखर, किडनी आणि थायरॉईडसाठी रक्त तपासलं, सांधेही चाचपले. अंग दुखत असलं की कुत्रा एकटेपणी जास्त घाबरतो, असं ते म्हणाले.

विव्हळणं मात्र राहिलं. तेव्हा त्यांनी फ्लुओक्सेटिन हे भीती कमी करणारं औषध सुरू केलं. मी घाबरले होते, कारण मला वाटलं चिंगी गुंगीत पडून राहील. पण हे झोपेचं औषध नाही. ते रोज द्यावं लागतं आणि परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे जातात. पहिले काही दिवस तिचं खाणं कमी झालं, मग सुधारलं. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीने कुत्रा गप्प बसतो, पण भीती आत तशीच राहते, म्हणून त्यावर भागवू नकोस.

गोळीने भीती थोडी खाली आली, तेव्हा कुठे सराव लागू पडला. आधी नुसत्या किल्ल्या वाजवून परत बसायचं. मग दाराबाहेर पाच सेकंद, मग वीस. मोबाइलवर पाहत राहायचं आणि ती अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं. जांभया, ओठ चाटणं, धापा दिसल्या की पुढच्या वेळी वेळ कमी करायचा. या काळात तिला खरोखर एकटं सोडायचं नाही, नाहीतर महिन्याची मेहनत एका दुपारी जाते. आम्ही सासूबाई आणि शेजारच्या मावशींत पाळ्या लावल्या. दीड तासापर्यंत यायला पाच महिने लागले.

एक गोष्ट विसरू नकोस. शेरूला गोचिडींसाठी अमित्राझचं औषध लावत असशील, तर डॉक्टरांना आधीच सांग. फ्लुओक्सेटिनबरोबर ते धोक्याचं आहे. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांग. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नकोस. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू उतरवायची.

आज रात्रीच रेकॉर्डिंग कर, दोघं जेवायला बाहेर जा म्हणजे झालं. तासाभराचं पुरेल. ते डॉक्टरांना दाखव, आणि शक्य झालं तर मलाही पाठव.

तुझी,
सुनीता