फीची आठवण कशी करायची

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. क्लास चांगला चाललाय, पण फी मागायला जीभ रेटत नाही म्हणतेस. गणित शिकवायला आपण लाजत नाही, पैसे मागायची वेळ आली की मात्र घशात काहीतरी अडकतं. माझंही तसंच व्हायचं. आता मी कशी मागते ते सांगते.

आधी ग्रुपवरचा निरोप बंद कर. 'ज्यांची फी राहिली आहे त्यांनी लवकरात लवकर भरावी' असं टाकलं की फी भरलेले पालक घाबरून विचारतात, 'मॅडम, आमची भरलीय ना?' आणि ज्यांची राहिलीय ते गप्प. ग्रुपवर नावांची यादी टाकणं तर सोडूनच दे. गावभर चर्चा होते आणि पैसे येत नाहीत ते नाहीतच. मुलाच्या हातीही चिठ्ठी देऊ नकोस. ते पोर चिठ्ठी दप्तरात दडवतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखतं. फीचा व्यवहार आपला आणि त्याच्या आईबापांचा.

मी महिन्याच्या दहा तारखेनंतर वही घेऊन बसते. पगारदारांचे पगार तोवर झालेले असतात. मग ज्याची बाकी आहे त्या प्रत्येक घरी वेगळा निरोप, संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास. सकाळी डब्याच्या घाईत आलेला निरोप वाचला जातो आणि विसरलाही जातो.

परवा नववीतल्या एका मुलाच्या आईला काय लिहिलं ते जसंच्या तसं उतरवते. मुलाचं नाव तेवढं बदललंय.

'नमस्कार ताई. रोहनची ऑक्टोबरची राहिलेली ४०० रुपये आणि नोव्हेंबर, डिसेंबरची प्रत्येकी ९००, अशी एकूण २,२०० रुपये फी माझ्या वहीत येणे दिसते. ऑक्टोबरचे रोख मिळालेले ५०० रुपये यात धरले आहेत. यातली काही रक्कम आपण भरली असेल तर तारीख कळवा, मी वही तपासते. नसेल तर २० डिसेंबरपर्यंत भरावी ही विनंती. एकदम जमणार नसेल तर कधी किती जमेल ते सांगा, तसं लिहून ठेवते. फोनवरून पाठवलेत तर सोबत रोहनचं नाव टाका.'

पाहिलंस ना, यात 'आम्हालाही घर चालवायचंय' नाही आणि 'अन्यथा क्लासला बसू दिलं जाणार नाही' हेही नाही. महिना, रक्कम, तारीख, बस्स. कुठल्या महिन्याचे किती हे फोडून लिहिलं नाही तर पालक मनात दोनच महिने धरतात आणि बाकीच्या पैशांवरून वाद होतो. तारीख नसली की उत्तर ठरलेलं, 'देतो मॅडम'.

'भरली असेल तर कळवा' हे वाक्य मात्र कधीही गाळू नकोस. त्याच रात्री ताईंचा फोन आला. नोव्हेंबरचे ९०० रोहनच्या मामांनी त्यांच्या फोनवरून पाठवले होते म्हणे. माझ्याकडे ते मोबाइलच्या दुकानाच्या नावाने आले होते! अशा बिननावाच्या रकमांसाठी मी वहीचं शेवटचं पान राखून ठेवलंय, तिथे ती नोंद सापडली. म्हणजे बाकी १,३००. नुसतं 'तीन महिने झाले, फी भरा' लिहिलं असतं तर त्या माउलीला काय वाटलं असतं? उरलेल्याचं त्या म्हणाल्या, ऊस तुटून गेलाय, पण कारखान्याचं बिल जमा व्हायचंय. आता ५०० देते, ८०० बिल आल्यावर. मी वहीत तसंच लिहिलं आणि ५०० आले तशी लगेच पावती पाठवली: 'मिळाले ५००, बाकी ८००'. ही ओळ दिली की पुढच्या वेळी हिशेब पहिल्यापासून उकरावा लागत नाही.

ठरलेली तारीख उलटली आणि काहीच उत्तर नाही, तर दुसरा निरोप नको, सरळ फोन कर. लिहिलेलं दुसऱ्यांदा वाचताना टोचतं, बोलण्यात अडचण कळते. बाजारात भेटल्या म्हणून भाजीच्या गाड्यापाशी मात्र विषय काढू नकोस.

दहावीचं तेवढं वेगळं. मार्चमध्ये बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की मूल परत येत नाही आणि फीही सहसा येत नाही. त्यामुळे दहावीच्या पालकांशी मी जानेवारीतच बोलून घेते आणि फेब्रुवारीपर्यंतचे हप्ते ठरवते. तरी एखाद्या घरची बाकी बुडतेच. खरंच अडचण असेल तर मीच म्हणते, 'राहू द्या ताई, परीक्षा होऊ दे', आणि वहीत 'माफ' लिहून टाकते, म्हणजे चुकून पुन्हा निरोप जात नाही.

तुझी वही कशी ठेवतेस ते कळव, नाहीतर एका पानाचा फोटोच पाठव. भावोजींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
लता