बाबा, त्या व्याजाची तक्रार मी पाठवली आहे

पुणे, १७ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

बाबा, आधीच सांगते, रागवू नका. काल रात्री क्रेडिट कार्डाच्या बँकेला तुमच्या मेलवरून तक्रार पाठवली. तुम्ही फोनवर "जाऊ दे, अडीच हजाराचं काय घेऊन बसलीस" म्हणालात आणि विषय बदललात. पण आई म्हणाली की रात्री दीड वाजता तुम्ही बिलाचा कागद घेऊन पुढच्या खोलीत बसला होतात. अण्णाकाकांच्या त्या प्रकरणानंतर बँकेचं पत्र आलं की तुमची झोप उडते, हे मला माहीत आहे. म्हणून बिलाचे सगळे ७,६४५ रुपये २ पैसे कालच भरून टाकले. आता आपलं बँकेला काही देणं नाही. जे जास्त घेतलंय ते परत मागायचंय, एवढंच. आधी पैसे भरण्याचं कारणही सांगते. वादातली रक्कम मागे ठेवली असती तर पुढच्या बिलात "थकबाकी" दिसली असती आणि नव्या खरेदीवर पुन्हा व्याज लागलं असतं. तसं होऊ द्यायचं नव्हतं.

तुम्हाला वाटतंय की पैसे उशिरा गेले आणि चूक तुमचीच आहे. तसं नाही. तुमचं पासबुक समोर ठेवून सगळं तपासलं. तुम्ही पै-पै वेळेवर भरली आहे.

२१ जुलैला नवी पेठेतून इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली, ४२,००० रुपये. १२ ऑगस्टला बिल निघालं, त्यात तेवढीच रक्कम. भरायची शेवटची तारीख १ सप्टेंबर. तुम्ही २९ ऑगस्टला पेन्शनच्या खात्यातून पूर्ण ४२,००० एनईएफटीने पाठवले. पासबुकात नोंद आहे, शेजारी त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांकही आहे. एनईएफटी २०१९च्या डिसेंबरपासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं आणि पैसे काही तासांत पोचतात. तरीही कार्डाच्या बिलात जमा झाल्याची तारीख पडली ३ सप्टेंबर. सगळा घोळ या दोन दिवसांचा आहे.

आता दोन दिवसांच्या उशिराचं एवढं व्याज कसं, हे तुम्ही विचारलं होतंत. फोनवर नीट सांगता आलं नाही. कार्डाचं पूर्ण बिल मुदतीत भरलं तर खरेदीवर व्याज शून्य. पण मुदत चुकली की व्याज त्या दोन दिवसांचं लागत नाही, ते थेट खरेदीच्या दिवसापासून लागतं. त्यामुळे बँकेने २१ जुलै ते ३ सप्टेंबर असे ४४ दिवस मोजले. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ४२,००० वर रोजचे ४८ रुपये ३३ पैसे होतात, आणि ४४ दिवसांचे २,१२६.४७. शिवाय मुदत चुकली असं धरल्यामुळे नव्या खरेदीचीही सवलत गेली. आईची २३ ऑगस्टची ५,००० ची औषधं, त्यांच्यावर १२ सप्टेंबरपर्यंत २० दिवसांचे ११५.०७. व्याज एकूण २,२४१.५४, त्यावर १८ टक्के जीएसटी ४०३.४८. सगळे मिळून २,६४५ रुपये २ पैसे.

शेजारच्या काकांनी तुम्हाला "तीन दिवस चालतात" असं सांगितलं, ते अर्धंच खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि सिबिलला थकबाकी कळवता येत नाही. म्हणूनच बिलात लेट फी नाही. व्याजाला मात्र ती सूट नाही. त्यामुळे तीन दिवसांचा मुद्दा मी पत्रात घेतलाच नाही. आपला मुद्दा एकच: पैसे मुदतीत दिले होते.

पत्रातला मुख्य भाग असा आहे:

"दि. १२ ऑगस्टच्या बिलाची पूर्ण रक्कम रु. ४२,००० मी दि. २९ ऑगस्ट रोजी, म्हणजे अंतिम तारखेच्या तीन दिवस आधी, एनईएफटीने भरली आहे. पासबुकाची प्रत आणि यूटीआर क्रमांक सोबत जोडला आहे. आपल्या नोंदीत ही रक्कम दि. ३ सप्टेंबरला जमा दाखवली आहे. ती कोणत्या दिवशी व किती वाजता आपल्याकडे पोचली, याचा लेखी तपशील द्यावा. भरणा मुदतीत धरल्यास दि. १२ सप्टेंबरच्या बिलात व्याज शून्य होते आणि देय रक्कम रु. ७,६४५.०२ ऐवजी रु. ५,००० राहते. फरकाचे रु. २,६४५.०२ कार्डावर परत जमा करावेत. बिल मी हरकत कायम ठेवून पूर्ण भरले आहे. दि. १२ ते १६ सप्टेंबर या चार दिवसांचे व्याज पुढील बिलात लावू नये, लागल्यास तेही जीएसटीसह परत करावे."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ५,००० वरचे चार दिवसांचे २३ रुपये एक पैसा ऑक्टोबरच्या बिलात आले, तर तुम्ही पुन्हा घाबराल.

लहानपणी महिन्याच्या एक तारखेला तुम्ही वाण्याची वही घेऊन बसायचात आणि मी तुमच्या मांडीवर बसून आकडे मोठ्याने वाचायचे. एकदा गूळ दोनदा लिहिलेला सापडला. तुम्ही शांतपणे जाऊन दाखवलात, वाण्याने खोडला, आणि येताना मला लिमलेटच्या गोळ्या आणल्यात. तेव्हा तुम्हाला त्यात कमीपणा वाटला नव्हता. आताही वाटून घेऊ नका.

आता ऐका, दोघांनीही.

बँकेकडून तक्रार क्रमांक तुमच्या मोबाइलवर येईल, तो पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. छापलेलं पत्र मी कुरिअरने पाठवतेय. सही करा आणि मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. उन्हात चालत जायचं नाही, रिक्षा करा. पासबुकाची झेरॉक्स द्यायची, मूळ पासबुक कुणाच्या हातात द्यायचं नाही. "व्याज परत करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर बोलूच नका, ठेवून द्या. व्याज परत करायला बँकेला ओटीपी लागत नाही. कार्ड रागाने बंद करू नका, परतावा त्याच कार्डावर येणार आहे. आणि यापुढे बिल आलं की आठवड्याच्या आत भरून टाका, शेवटच्या चार दिवसांवर ठेवू नका.

बिलावरच्या तक्रारीचा खुलासा बँकेने तीस दिवसांत द्यायचा असतो. १६ ऑक्टोबरपर्यंत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मी cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे अर्ज करीन. त्याला फी नाही, वकील नाही, कुठे जावंही लागत नाही. पासबुक आपल्याच बाजूने बोलतंय, पण बँकेकडे पैसे खरंच उशिरा पोचल्याचं निघालं, तर तुमच्या पेन्शनच्या बँकेला विचारावं लागेल की तीन तारखेपर्यंत ते होते कुठे. तेही मीच बघेन.

आई, नेब्युलायझर इन्व्हर्टरवर नीट चालतोय ना? वीज गेली म्हणून दुपारचा डोस टाळू नकोस, त्याचसाठी तर बाबांनी तो घेतलाय. बॅटरीतलं पाणी महिन्यातून एकदा दुकानातल्या पोराकडून बघून घ्या, बाबांनी स्वतः वाकायचं नाही. शेंगाचटणी पाठवू नकोस, मागची अजून आहे. दिवाळीला येते तेव्हा तुझ्या हातच्या कडक भाकऱ्या खायच्यात.

बाबा, कुरिअर शुक्रवारपर्यंत येईल. सही केलीत की मला फोन करा, आणि आज रात्री दहाला दिवा बंद.

तुमची,
मनू